मदत हवी आहे: माझ्या तक्त्यात टोमॅटोचा भाव उणे होतोय, चूक कुठे आहे?

शिवनेरी_ऋतू:
नमस्कार. एम.ए.च्या प्रकल्पासाठी टोमॅटोवर कॉबवेब मॉडेल, म्हणजे मागच्या भावावर लागवड आणि लागवडीवर पुढचा भाव असं जाळ्यासारखं फिरणारं चक्र, बसवून बघतेय. आमचं गाव नारायणगावच्या जवळ, घरी टोमॅटो असतोच, म्हणून हेच पीक घेतलं. २०२३ साल अजून डोळ्यांसमोर आहे. मे महिन्यात भाव नाही म्हणून लोकांनी माल बांधावर ओतला, जुलैत २० किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला आणि सप्टेंबरात पुन्हा तोडणीची मजुरी निघेना.

तक्त्यासाठी आकडे कल्पित घेतलेत. दर हंगामाला १० हजार क्रेट आले तर भाव ३०० रुपये. त्यावर हजार क्रेट वाढले की भाव ६० रुपयांनी उतरतो. शेतकरी मागच्या हंगामाचा भाव बघतो आणि भाव ५० रुपयांनी चढला की पुढच्या खेपेला हजार क्रेट जास्त पिकवतो. सूत्र असं आहे, B2 मध्ये मागच्या हंगामाचा भाव:

```
=900-60*(10+(B2-300)/50)
```

पुस्तकात लिहिलंय की पुरवठ्याचा उतार मागणीच्या उतारापेक्षा कमी असला की चक्र स्थिरावतं. माझा पुरवठा ५०, मागणी ६०. म्हणजे स्थिरावायला हवं. पण ४०० पासून सुरू केलं तर १८०, ४४४, १२७, ५०७, ५१, ५९९ आणि मग उणे ५८! दोन दिवस झाले, चूक सापडत नाही. परवा सरांना दाखवायचंय.

गोदाकाठ:
सूत्र बरोबर दिसतंय. नियम साधा आहे, शेतकरी गिऱ्हाइकापेक्षा भावाला जास्त हलत असेल तर जाळं फुटतं, म्हणजे भावाचे हेलकावे वाढत जातात, कमी हलत असेल तर मिटतं. टोमॅटोचं गिऱ्हाईक फारसं हलत नाही, भाजीत टोमॅटो लागतोच. त्यामुळे टोमॅटोचं जाळं कायम फुटणारच. तुमचा तक्ता खरं तेच सांगतोय.

निफाडचा_शेतकरी:
ताई, हे सगळं कागदावर ठीक आहे. माझा उन्हाळ कांदा होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. तुमच्या मॉडेलमध्ये सरकार कुठे बसतं? यंदा टोमॅटो लावू का कांदा, ते सांगा.

आकडेमोड:
ऋतू, तुझं सूत्र ठीक आहे, पुस्तकातलं वाक्य तू उलटं लावलंस. तिथे उतार म्हणजे भाव एक रुपयाने बदलला तर माल किती बदलतो. तू मोजलंस ते हजार क्रेटमागे किती रुपये. तू लिहिलेले ५० जितके लहान, तितका शेतकरी भावाला जास्त उसळतो. गोंधळ होणारच, कारण आलेखात आपण भाव उभ्या अक्षावर घेतो आणि मग "उताराची" रेघ डोळ्याला भलतीच दिसते.

तुझ्या आकड्यांत एकच गोष्ट बघायची, ६० भागिले ५०, म्हणजे १.२. दर हंगामाला ३०० पासूनचं अंतर इतक्या पटीने वाढतं आणि बाजू बदलतं. १०० वरून उणे १२०, मग अधिक १४४. आता ५० च्या जागी ८० टाक. पट पाऊण होईल आणि भाव ४००, २२५, ३५६, २५८, ३३२ असा मिटत जाईल. एकाच्या खाली मिटतं, एकाच्या वर फुटतं, बरोबर एक असलं तर दोन भावांत अडकून राहतं.

गोदाकाठ, तुमचा नियम बरोबर, निष्कर्ष घाईचा. गिऱ्हाईक हलत नाही हे अर्धंच झालं. शेतकरी किती हलतो ते मोजल्याशिवाय पट कळत नाही. आणि उणे भाव तर बाजारात येतच नाही. तोडणी, क्रेट आणि गाडीभाडं सुटत नसेल तर माल झाडावरच राहतो, बाजारात माल कमी येतो आणि भाव त्या खर्चाच्या आसपास अडतो. तो खर्च समज ४० रुपये धरला, तर

```
=MAX(40, 900-60*(10+(B2-300)/50))
```

हे टाक. ५९९ नंतर ४०, मग ६१२, मग ४०, मग ६१२. फुटणं थांबतं, पण मिटतही नाही, चक्र दोन टोकांत बांधलं जातं. वरच्या टोकालाही आळा असतो, जमीन, पाणी, बांबू-तार, मजूर यांचा. तो तू धरलेला नाहीस.

शिवनेरी_ऋतू:
८० टाकून पाहिलं, मिटलं! खूप आभार. आता कळलं की मी भागाकारच उलटा वाचत होते. पण एक प्रश्न आहे. माझे बाबा कधीच फक्त मागचा भाव बघून लावत नाहीत. "गेल्या वर्षी बरा होता, पण त्याआधी मार खाल्ला" असं धरून चालतात. मग मॉडेल चुकीचं?

आकडेमोड:
बाबांचं वागणं मांडता येतं. १९५८ मध्ये अर्थतज्ज्ञ नेर्लव्ह यांनी नेमकं हेच मांडलं, की शेतकरी आपला जुना अंदाज नव्या भावाकडे थोडासाच सरकवतो. तुझेच १.२ चे आकडे घे. पहिल्या हंगामात अंदाज ४००, भाव आला १८०. पुढचा अंदाज फक्त १८० नाही, जुन्या ४०० ची आणि त्याची सरासरी, २९०. त्या लागवडीला भाव येतो ३१२. मग अंदाज ३०१, भाव २९९. जे चक्र फुटत होतं ते तीन हंगामांत बसलं. अर्ध्या आठवणीवर पट ३ च्या खाली असेपर्यंत ते मिटतं.

गोदाकाठ:
मग २०२३ चं काय? शेतकऱ्याला आठवण असते तर सप्टेंबरात भाव का कोसळला?

आकडेमोड:
माझं मत सांगतो, सिद्ध केलेलं नाही. आठवण ऋतूच्या बाबांसारख्या दरवर्षी लावणाऱ्याला असते. भाव दोन हजारांवर गेला की ज्यांनी कधी टोमॅटो केला नाही तेही उतरतात, आणि त्यांच्यासमोर फक्त तोच एक भाव असतो. शिवाय मे ते जुलैचा चढ निव्वळ लागवडीमुळे नव्हता. ऊन, पाऊस, विषाणूजन्य रोग यांनीही माल घटवला होता. निसर्गाचे असे धक्के बसत राहिले तर मिटणारं चक्रही दरवेळी नव्याने हलतं.

म्हणून ऋतू, नुसत्या भावांवरून निदान करू नकोस. या हंगामाचा भाव मागच्या हंगामाच्या भावासमोर मांडलास आणि ठिपके खाली उतरताना दिसले, तर जाळ्याची शक्यता आहे. पण आठवण असलेल्या शेतकऱ्यांत तो उतार जवळपास नाहीसा होतो, वरच्या उदाहरणात फक्त उणे ०.१ उरतो. त्यापेक्षा लागवड मोज. रोपवाटिकेत रोपं पंचवीस-तीस दिवसांची होतात, पुनर्लागवडीनंतर साधारण साठ-सत्तर दिवसांत तोडा सुरू होतो. आसपासच्या रोपवाटिकांची बुकिंग वही मिळाली, तर भाव चढल्यावर कोणत्या आठवड्यात किती रोपं वाढली ते दिसेल. माझ्या मते तेच या मॉडेलचं खरं हृदय.

निफाडचा_शेतकरी:
जुलैत आमच्याकडच्या रोपवाटिकेत रोपं मिळत नव्हती, वीस दिवसांची वाट होती. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण माझा कांदा राहिलाच.

आकडेमोड:
दादा, राहिला नाही. कांदा चाळीत राहतो. एप्रिल-मेचा माल ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पुरतो, त्यामुळे आजचा भाव लागवडीबरोबर साठ्यावरही ठरतो. निर्यातबंदीने तर मागणीची रेघच एका रात्रीत खाली येते. या साध्या मॉडेलमध्ये ते बसत नाही. काय लावावं हे मी नाही सांगू शकत, मला तुमचं पाणी, जमीन काहीच माहीत नाही.

शिवनेरी_ऋतू:
गावातल्या एका रोपवाटिकेच्या काकांनी वह्या दाखवायचं कबूल केलंय, पण २०२१ पासूनच्याच आहेत. वर्षाला दोन-तीन हंगाम धरले तरी ठिपके थोडेच. आठवड्यागणिक बुकिंग आणि त्याच आठवड्याचा बाजारभाव असं मांडलं तर चालेल का? की तेव्हा रोपं मागणारा शेतकरी आजचा भाव बघत असतो, मागच्या हंगामाचा नव्हे?