मदत हवी: टीबीचा कोर्स संपला, पोस्टमध्ये किती सांगू?

लालबागकर: गोळ्या संपल्या. आजच फेसबुकवर आणि चाळीच्या ग्रुपवर टाकायचंय. उपचारांच्या कार्डाचा फोटो, वहिनी आणि केंद्रावरच्या ताईंचे नावानिशी आभार. कसं लिहू?

मुग्धा_परळ: फुप्फुसाचा की गाठीचा? शेवटची थुंकी तपासली का?

लालबागकर: फुप्फुसाचा. सहा महिने गोळ्या. थुंकी परवा दिली, रिपोर्ट यायचाय. त्याचा पोस्टशी काय संबंध?

मुग्धा_परळ: संबंध आहे. रिपोर्ट निगेटिव्ह येईपर्यंत 'बरा झालो' नको, 'कोर्स पूर्ण झाला' म्हणा. आणि 'दोन महिन्यांत ठणठणीत' असं मोघम लिहू नका. ते वाचून कोणी खोकला थांबताच गोळ्या सोडल्या, तर जंतू उरतात आणि पुढे त्यांच्यावर औषधं चालेनाशी होतात. गोळ्यांची नावं, डोस अजिबात नको. तो वजनावर ठरतो.

सचिव_काका: टीबी म्हणजे टीबी. सोसायटीला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे.

मुग्धा_परळ: काका, अर्धंच बरोबर. 2012 पासून नोंद सक्तीची आहे, पण ती डॉक्टरांनी सरकारकडे करायची. घरच्यांची तपासणी आरोग्य कर्मचारी बघतात. सोसायटीला सांगण्याची सक्ती पेशंटवर नाही.

निनाद७: निक्षय पोषणचे महिन्याचे हजार रुपये खात्यात आलेच नाहीत. कुणाचे आलेत का?

मुग्धा_परळ: इथला विषय नाही, पण खातं आधारशी जोडलंय का ते केंद्रावर बघा.

लालबागकर, कार्डाचा फोटो नकोच. त्यावर निक्षय क्रमांक, पत्ता, मोबाइल असतो. फोनवरच्या काळ्या रेघेखालचा मजकूर ब्राइटनेस वाढवला की कधी कधी दिसतो. वहिनींना आधी विचारा. नाव दिलंत की 'त्यांच्याही घरात आहे' अशी कुजबुज सुरू होते, आणि ती मुलीच्या स्थळापर्यंत जाते. ताईंसाठी केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सहीचं पत्र द्या, नेमकं काय केलं ते लिहून. टॅगपेक्षा ते त्यांच्या कामी येईल. मसुदा असा:

'सहा महिन्यांचा टीबीचा कोर्स पूर्ण झाला. दोन महिन्यांत बरं वाटलं, तरी उरलेल्या चार महिन्यांत गोळ्या चुकवल्या नाहीत. रोज आठवण करणाऱ्या घरच्यांचे आणि पालिकेच्या केंद्रातल्या ताईंचे आभार. खोकला दोन आठवडे टिकला तर तपासून घ्या, केंद्रात तपासणी फुकट होते.'

रणरागिणी: लपवाछपवीनंच टीबी कलंक बनलाय. वहिनींचं नाव ठळक अक्षरात द्या!

मुग्धा_परळ: स्वतःचं नाव द्यायला कोण अडवतंय? दुसऱ्याचं देताना विचारावं लागतं.

रणरागिणी: विचारत बसलं की सगळ्या 'नको'च म्हणतात.

लालबागकर: वहिनी म्हणते फेसबुकवर चालेल, चाळीच्या ग्रुपवर नको. पण चाळीतले निम्मे लोक माझ्या फेसबुकवर आहेत. आता?