मदत हवी आहे: न आलेल्या आणि उशिरा खोली सोडणाऱ्या पाहुण्यांसाठी नियम कसा लिहावा?

छोट्या लॉजसाठी मसुदा असा केलाय: 'रात्री १० पर्यंत न कळवता पाहुणा आला नाही, तर पहिल्या रात्रीचं भाडं लागेल, ती खोली दुसऱ्याला गेली, तर पैसे परत. चेकआउट सकाळी ११. दुपारी २ पर्यंत थांबल्यास पाव भाडं, संध्याकाळी ६ पर्यंत निम्मं, नंतर पूर्ण.'

अडचण अपवादांची आहे. 'योग्य कारण असल्यास सूट' लिहिलं की काउंटरवर वाद ठरलेलाच, कारण योग्य-अयोग्य ठरवणार कोण? म्हणून रद्द झालेली गाडी, बंद रस्ता, दवाखान्यात भरती अशी कारणं थेट नावानिशी लिहायची आहेत. पण गाडी नुसतीच लेट असेल आणि पाहुण्याने ९ वाजता फोन केला, तर खोली कधीपर्यंत राखायची? आणि पुढचं बुकिंग असूनही खोली न सोडणाऱ्यासाठी नेमकं वाक्य काय लिहाल?