पहिलं शब्दकोडं सुटलं तेव्हा… तुमचा अनुभव लिहा

नातवाने फोनवर विचारलं, "ताता, तुम्ही कोडं सोडवायला कुठे शिकलात?" त्याला लिहिलेलं पत्र इथे देतो. तुम्हीही लिहा.

चि. मनू यास अनेक आशीर्वाद.

मी तेव्हा 13 वर्षांचा. सोलापुरात पूर्व भागात वडील मागावर चादरी विणायचे, मी कांड्या भरायचो. घरात तेलुगू, शाळेत मराठी. एकदा शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर शब्दकोडं निघालं. पेपर जुना, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या अंकात उत्तर बघायची सोय नव्हती.

आडव्या शब्दाचं शोधसूत्र 'पंकज', चौकटी तीन. आपल्यात कमलम् म्हणतात, म्हणून मी 'कमल' लिहिलं. त्याच्या शेवटच्या चौकटीतून तीन चौकटींचा उभा शब्द जात होता, शोधसूत्र 'चिंता'. मी 'फिकीर' धरलं. पण मधे 'की' हवा आणि माझा तर 'ल'! दोन दिवस वाटत राहिलं, पंकज म्हणजे दुसरंच काहीतरी असणार. मग वरच्या ओळीतलं 'यावर लिहितात' सुटलं: कागद. त्याचा 'का' नेमका चिंतेच्या पहिल्या चौकटीत! फिकीर खोडली. का, ल… मी मोठ्यानं 'कालजी' म्हणालो. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अरे, काळजी!" तेव्हा मी 'ल' खोडून 'ळ' केला आणि आडव्यात 'कमळ' झालं. कमल चूक नव्हतं रे, पण त्या चौकटीत बसत नव्हतं. त्या दिवसापासून मी उभा शब्द जुळल्याशिवाय आडवा पक्का धरत नाही.
तुझा ताता

शाईवाली: तात्या, डोळ्यांत पाणी आलं. माझी गाडी 'स्वस्तिक'वर अडली होती. स्, व, स्, ति, क असे पाच तुकडे केले आणि चौकटी तीनच!

गड्डाप्रेमी: जोडाक्षर एकाच चौकटीत, बरोबर. पण ऱ्हस्व-दीर्घाचं कोडी रचणारे काही बघत नाहीत, कसंही चालतं.

जुना मुद्रितशोधक: काही जण ती सूट घेतात, खरं आहे. मी कोडी तपासायचो तेव्हा घेऊ देत नव्हतो. 'दिवस' म्हणून 'दिन' आणि 'गरीब' म्हणून 'दीन' एकाच चौकटीत छेदले, तर सोडवणाऱ्यानं काय लिहायचं? 'कमल-कमळ'सारखी जोडी आली की मी छेदणारा शब्द आधी बघायचो. तिथे छेद नसेल तर दोन्ही उत्तरं बरोबर धरावी लागत.

गड्डाप्रेमी: मग अनुस्वाराचं काय? 'चिंता'तला 'चिं' आणि 'चिखल'मधला 'चि' छेदलेले मी छापून आलेले पाहिलेत.

जुना मुद्रितशोधक: मी ते परत पाठवलं असतं. पण माझ्याबरोबरचे एक जण चालवून घ्यायचे, आमचं त्यावर शेवटपर्यंत जमलं नाही.

नवी पेठ: सुडोकूही असंच ना? मला नऊ चौकटींचं अजून येत नाही, कुणी शिकवाल का?

शाईवाली: सुडोकूत आकडे असतात हो, वेगळा धागा काढा, मी येते. तात्या, त्या पुडीवरचं बाकीचं कोडं सुटलं का?

ताता: एक उभा शब्द राहिला. त्याचं शोधसूत्र कागद दुमडला होता तिथेच फाटलं होतं. मधलं अक्षर 'ग' आहे, एवढंच ठाऊक.