अनुभव धागा: झोपतानाची गोष्ट तुम्ही कशी बदललीत?

गवतीचहा
काल रात्री वीज गेली आणि शनिवार पेठेतल्या वाड्यातली आजी आठवली. चिऊताईचं दार ती पलंगाच्या फळीवर खरंच वाजवायची. टक टक टक.

मी लेकीसाठी रचलेली गोष्ट अशी होती: 'एक बेडूक होता. त्याला पर्वतीवर जायचं होतं. वाटेत खार भेटली, मग मांजर भेटली. दोघींनी विचारलं, कुठे चाललास? तो वर पोचला. त्याला खूप आनंद झाला.' साडेतीन वर्षांची लेक दुसऱ्याच वाक्याला म्हणायची, "आई, पाणी."

काल अंधारात आजीसारखी सांगितली.

टुणकन एक पायरी, टुणकन दुसरी पायरी.
"बेडूकराव, बेडूकराव, कुठे निघालात?"
"वर वर वर, ढगाला हात लावायला!"

खारीला हे उत्तर, मांजरीलाही हेच. मांजरीच्या वेळी "वर वर वर" लेक माझ्याआधी म्हणाली! तिसऱ्यांदा विचारलं ते पायरीनेच. पायरी हलली. ते कासव होतं! लेक अंथरुणात उठून बसली आणि साडेअकरापर्यंत झोपली नाही. तुमच्याकडे काय होतं?

निवांत
जेवढ्या जास्त वेळा तेवढं छान. आमच्याकडे माकड, कावळा, पोपट धरून सात जण विचारतात. कुकर झाला, येतो.

सिंहगडरोड
फोनवरच्या गोष्टी लावा ना, आवाज आयते असतात. आमचा त्या ऐकतच झोपतो.

गवतीचहा
@सिंहगडरोड, मी तोंडी सांगण्याबद्दल विचारतेय हो. फोनवरचा बेडूक तिच्यासाठी थांबत नाही.

बालवाडीची मावशी
तीस वर्षं बालवाडीत गोष्टी सांगितल्या, म्हणून लिहिते. सात जण दुपारी चालतील. रात्री चौथ्यापासून पोरं चाळवतात. दोनदा तेच सांगायचं आणि तिसऱ्यांदा मोडायचं. दोनदा ऐकलं की पुढचं काय ते मूल मनाशी धरतं, ते धरलेलं असेल तरच पायरी हलल्यावर दचकतं. आणि शब्द जसेच्या तसे हवेत. एकदा 'निघालात', एकदा 'चाललात' केलंत तर तिला तुमच्याबरोबर म्हणता येणार नाही.

आता 'टुणकन'. तो एकदाच, अचानक घडणाऱ्या गोष्टीचा शब्द आहे. तुम्ही तो प्रत्येक पायरीला खर्च केलात, मग कासवाच्या वेळी हाताशी काय उरलं? चालण्याला टुक टुक, सळसळ, टपटप असे जोडीचे आवाज द्या, कान त्यावर डोलतो. 'कन' फक्त कासवासाठी ठेवा.

झोप उडाली कारण गोष्ट शिखरावरच थांबली. दचकवणं मधे हवं. त्यानंतर तेवढंच लांब उतरायचं, वाक्यं छोटी आणि आवाज हळू करत.

डेक्कनचा_बाबा
मधे थांबणंही महत्त्वाचं. "वर..." म्हणून मी गप्प बसतो, पोरगा पुढचं पूर्ण करतो. घाई करून मीच म्हटलं तर रुसतो.

आरोहीआई
आमची चौथ्या रात्री आधीच ओरडते, "कासव!" मग गंमत संपली ना? की मी रोज नवं आणायचं?

बालवाडीची मावशी
नाही गं, माहीत असलेल्याची वाट बघण्यातच त्यांना मजा येते.

डेक्कनचा_बाबा
माझा अनुभव वेगळा, मावशी. आठवडाभराने तो स्वतःच म्हणाला, "आज कासव नको." मी तिथे दगड ठेवला, तर रडला! नेमकं काय हवं होतं ते अजून कळलेलं नाही.

निवांत
सातचे तीन करून बघितले. दहा मिनिटांत झोपला, पण पोपट कुठे गेला म्हणून सकाळी चौकशी झाली. बाय द वे, पावसात डासांसाठी तुम्ही मुलांना काय लावता?

आरोहीआई
मच्छरदाणीच बरी. कासव आत येतं का विचारते, तेवढं सोडलं तर.

गवतीचहा
मावशी, काल असं केलं:

टुक टुक टुक, एक पायरी. टुक टुक टुक, दुसरी पायरी.
(खार, मग मांजर, शब्द तेच.)
टुक टुक... आणि पायरी हलली. धपकन!
"बेडूकराव, बेडूकराव, माझ्या पाठीवर कुठे निघालात?"
"अगं बाई, कासव!"
मग कासव चालू लागलं. हळू... हळू... बेडकाचे पाय दमले. हळू... हळू... बेडकाचे डोळे मिटले. ढग खाली आला, पांघरूण झाला. हळू...

'धपकन'ला गादीवर हात आपटला, ती खळखळून हसली. कासव चालू लागल्यावर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिसऱ्या 'हळू'ला तिची मूठ सैल पडली. "ढगाला हात लावला का?" हे मात्र तिने सकाळी दात घासताना विचारलं, आणि उत्तर मी अजून रचलेलं नाही.

बालवाडीची मावशी
रचू नका. तिलाच विचारा, आणि ती म्हणेल ते इथे लिहा.