आपल्या हाताखालच्या पोराकडं रेफरल मागायचं कसं?

शिरोलीचा क्वालिटीवाला: शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत नऊ वर्षं झाली, क्वालिटीत. आमच्याकडं ट्रेनी म्हणून आलेला एक पोरगा चार वर्षांपूर्वी चाकणला गेला. त्याच्या कंपनीत सप्लायर क्वालिटीची जागा निघालीय, मला अगदी बसते. पण बोलणं म्हणजे दिवाळी-पाडव्याचे मेसेज तेवढे. तो मला अजून 'दादा' म्हणतो, म्हणूनच अडतंय. मी मागितलं तर त्याला नाही म्हणता येणार नाही. कसं विचारू?

उद्यमनगरचा म्हातारा फोरमन: मेसेज-बिसेज काय करतोस? गणपतीला घरी येतोयच की तो. बोलव, तांबडा-पांढरा घाल, आणि समोरासमोर सांग. आपल्यात असंच चालतं. माझ्या तीस वर्षांत एकही नोकरी मोबाइलवर ठरली नाही.

चाकणचा भाडेकरू: काका, रस्सा ओरपून झाल्यावर नाही कसं म्हणायचं हो? नेमकं हेच तर नको म्हणतोय तो. मी त्या पोराच्या जागी आहे म्हणून सांगतो. महिन्याला चार-पाच जण मागतात. सगळ्यात जड जाणारा मेसेज म्हणजे 'दादा, तिकडं काही असेल तर बघ की', आणि खाली रिझ्युमे. म्हणजे जागा मी शोधायची, बसते का ते मी ठरवायचं, आणि नाही बसली तर ते सांगायचंही मीच. तुमच्याकडं जागा ठरलेली आहे, अर्धं काम तिथंच झालं. जागेचा नंबर, लिंक आणि रिझ्युमे एकाच मेसेजात पाठवा. त्याची पाच मिनिटं जातील.

राजारामपुरीची एचआर: नंबर आणि लिंक बरोबर, पण रिझ्युमे पहिल्या मेसेजात नको. रिझ्युमे आला की ते काम त्याच्या अंगावर येऊन पडतं. आधी नुसतं विचारायचं, हो म्हणाला की पाठवायचा.

आणि एक महत्त्वाचं. अर्ज अजून टाकला नाहीस ना? बऱ्याच कंपन्यांत ईमेल किंवा मोबाइल नंबरवरून माणूस ओळखला जातो. तू साइटवरून थेट अर्ज केलास की तुझी नोंद झाली. नंतर त्यानं आतल्या पोर्टलवर तुझं नाव टाकलं तर 'उमेदवार आधीच आहे' असं येतं. काही ठिकाणी एचआरला सांगून जोडता येतं, पण म्हणजे त्या पोरानं अजून एकाकडं शब्द टाकायचा. एका साध्या विनंतीच्या दोन होतात.

कागलकर: माझा अनुभव सांगतो. मी जुन्या साहेबांचं नाव दिलं होतं, नव्या कंपनीनं फोन केला, साहेबांनी उचललाच नाही. महिना लटकलो. तेव्हा आधी फोन करून ठेव आणि अनुभवाचं पत्र स्कॅन करून ठेव.

राजारामपुरीची एचआर: कागलकर, ती पडताळणी. ती निवड झाल्यावर येते, इथं तर अजून अर्जच गेलेला नाही.

शिरोलीचा क्वालिटीवाला: अर्ज टाकलेला नाही. पण ताई, आतमध्ये त्याला भरायला काय लागतं? माझ्यासाठी खोटं लिहायची वेळ येऊ नये त्याच्यावर.

राजारामपुरीची एचआर: कंपनीगणिक वेगळं असतं. साधारण विचारतात ते हे, की कसं ओळखता, किती काळ एकत्र होतात, आणि कधीकधी 'या माणसाबद्दल दोन ओळी'. अडचण त्या दोन ओळींचीच. चार वर्षांत त्यानं तुझं काम पाहिलेलं नाही. म्हणून त्याला जे खरं माहीत आहे तेवढंच तू आठवून दे. तुमच्यात तसं काही घडलं होतं का?

शिरोलीचा क्वालिटीवाला: एकदा नाइटला ब्लो होलचा लॉट निघाला होता. डिस्पॅचवाले गाडी लावून बसलेले. मी सही केली नाही, हा माझ्या शेजारी टॉर्च धरून उभा होता. पहाटेपर्यंत एकेक कास्टिंग बघितलं आम्ही.

राजारामपुरीची एचआर: झालं की! हेच लिहील तो, आणि लिहिताना अडखळणार नाही. पण हे पहिल्या मेसेजात घालू नकोस. मी तुला घडवलं, असा सूर लागतो. त्यानं हो म्हटल्यावर रिझ्युमेसोबत पाठव.

चाकणचा भाडेकरू: हे पटलं. रिझ्युमेचंही मानतो, तुमच्या बाबतीत. बरोबरीच्या मित्राला मी एकदमच पाठवीन, पण 'दादा'नं पाठवला तर तो हुकूमच होतो. मी आधी सांगितलं ते बदलून मेसेज असा लिहिला, बघा:

'कसा आहेस? तुमच्याकडं सप्लायर क्वालिटीची जागा दिसली, नंबर आणि लिंक खाली आहे. अर्ज करायचा विचार आहे, अजून केलेला नाही. रेफर करणं तुला सोयीचं असेल तर सांग, रिझ्युमे पाठवतो. आत्ता कुणाचं नाव द्यायचं नसेल किंवा तुमच्यात तशी पद्धत नसेल, तर काही कळवूही नकोस. मी पुढच्या रविवारी साइटवरून अर्ज टाकतोय.'

यात गप्प बसणं हेच त्याचं 'नाही'. तोंडानं म्हणावं लागत नाही.

नाद नाही करायचा: रविवारची तारीख घातली म्हणजे दाबच झाला की भावा. 'रविवारपर्यंत सांग' असंच वाचणार तो.

चाकणचा भाडेकरू: तारीख नसेल तर तुम्ही त्याच्या उत्तरासाठी थांबलाय हे त्याला रोज बोचत राहतं. तारीख असली की त्याच्यामुळं तुमचं काही अडलेलं नाही हे दिसतं. फक्त दोन दिवसांची देऊ नका, सात-आठ दिवस ठेवा. आणि रविवार आला की खरंच अर्ज टाका. आठवणीचा मेसेज नको.

नाद नाही करायचा: एक तरी आठवण करावी. माणूस शिफ्टमध्ये असतो, मेसेज वर जातो, विसरतो. मला तर आठवण केल्यावरच रेफरल मिळालं. आणि त्यालाही बोनस मिळतो की, त्याच्यावर कसले उपकार? ते लिहा मेसेजात.

राजारामपुरीची एचआर: बोनस सगळीकडं नसतो. असला तरी बहुतेक ठिकाणी माणूस रुजू होऊन काही महिने टिकल्यावरच देतात. ते त्याला तुझ्यापेक्षा जास्त माहीत. तू लिहिलंस तर त्याला पैशाची लालूच दाखवल्यासारखं होतं. आठवणीबद्दल मात्र माझंही नक्की नाही. समवयस्काला एकदा चालेल, इथं मी करणार नाही.

चाकणचा भाडेकरू: आणि जुन्या डिपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजिबात टाकू नका. तिथं चारचौघांसमोर कोण नाही म्हणेल? शिवाय तुमच्या साहेबाला कळेल ते वेगळंच.

दुसरं, ऑफर आली आणि जायचं नसेल तर एचआरच्या आधी त्याला सांगा. मी एकाला रेफर केलं, त्यानं ऑफर घेतली आणि रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद. त्यानंतर वर्षभर मी कुणाचं नाव दिलं नाही.

उद्यमनगरचा म्हातारा फोरमन: एवढं मोजून-मापून बोलायला ते काय परकं पोर आहे? टॉर्च धरून उभा राहिलेला माणूस असल्या मेसेजनं दुखावेल. दादा माझ्याशी साहेबासारखं का बोलतोय, म्हणेल.

शिरोलीचा क्वालिटीवाला: काका, तेही खरं वाटतंय. म्हणून 'पद्धत नसेल' हे वाक्य काढलं, बाकी तसंच ठेवून काल रात्री पाठवलं. आज सकाळी उत्तर आलं: 'दादा, रात्री नऊला फोन करू का?'

उद्यमनगरचा म्हातारा फोरमन: बघ.

राजारामपुरीची एचआर: फोन आला की आधी त्याचं ऐक. रेफरलचं त्यानं काढलं नाही तर तूही काढू नकोस.

उद्यमनगरचा म्हातारा फोरमन: मग काय पावसापाण्याच्या गप्पा मारायच्या?