15 मेगावॅटला ईएसपीच ठेवावा की बॅग फिल्टर टाकावा?

बॉयलरसाईड_यवतमाळ: राजेहो, आमचा 15 मेगावॅटचा कॅप्टिव्ह प्लांट, 2011 चा, कोळशावर. धुरातली राख विजेने पकडणारा तीन फील्डचा ईएसपी. मर्यादा 50 मिलिग्रॅम, अन् चिमणीवरचं ऑनलाइन मीटर 90 ते 120 दाखवतं. शेजारच्या शेतात कपाशीच्या बोंडांवर राख बसते. शेतकरी गेटवर येतात, त्यांचं खरं आहे. मॅनेजमेंट म्हणते, ईएसपी काढून बॅग फिल्टर टाका. बजेट दीड कोटी, त्याच्या वर काही नाही. काय करावं?

सिमेंटवाला_चंद्रपूर: डोळे झाकून बॅग घ्या. आमच्या चिमणीतून काही निघतं हेही दिसत नाही. पीपीएसच्या साध्या पिशव्या घेऊ नका, टेफ्लॉन मेम्ब्रेनच्या घ्या. तीन कोटी धरून चाला.

राखेतला_माणूस: बॅग घेणाऱ्यांनी लाइटअपचा विचार करावा. आमच्याकडे तेलावर बॉयलर पेटवला, अर्धवट जळलेलं तेल पिशव्यांवर बसलं अन् पल्सची हवा कितीही मारली तरी राख सुटेना. सगळा संच बदलावा लागला. आधी चुन्याचा प्रीकोट द्यायचा असतो, कॉन्ट्रॅक्टरने दिला नाही.

कपाशीवाला: बोंडावर राख पडली तर पंचनामा कोण करते? आमच्या दोन एकराचा कापूस काळा दिसते म्हणून व्यापारी भाव पाडते.

बॉयलरसाईड_यवतमाळ: भाऊ, आधी तलाठ्याकडे अर्ज द्या, फोटोवर तारीख ठेवा.

ईएसपी_ताई: पिशव्या घ्यायच्या आधी पॅनेलवर जा. प्रत्येक फील्डचं व्होल्टेज अन् करंट इथे लिहा. दुसऱ्या-तिसऱ्या फील्डचा करंट हळूहळू वाढवा आणि केव्ही कुठवर चढतं ते बघा.

बॉयलरसाईड_यवतमाळ: पहिलं फील्ड 8 केव्ही, करंट लिमिटला, स्पार्क नाही. दुसरं-तिसरं 38 केव्हीपर्यंत चढतं, त्यापुढे करंट वाढवला तर उलट 33 वर येतं.

व्होल्टेज_भाऊ: सोपं आहे, करंट लिमिट वाढवा. जितकी वीज जास्त तितकी राख जास्त पकडणार.

ईएसपी_ताई: निरोगी फील्डसाठी ते बरोबर आहे, यांच्यासाठी नाही. करंट वाढूनही केव्ही खाली येणं म्हणजे बॅक कोरोना. आपल्या कोळशात गंधक कमी, म्हणून राख वीज सहज वाहू देत नाही. प्लेटवरच्या थरात चार्ज अडकतो, थराच्या आतच ठिणगी फुटते आणि पकडलेली राख परत हवेत जाते. करंट जितका रेटाल तितकं वाईट. कंट्रोलरमध्ये इंटरमिटंट चार्जिंग लावा: एक पल्स द्यायची, पुढच्या काही सोडायच्या.

पहिलं फील्ड वेगळं आहे. तिथे सरळ शॉर्ट आहे. हॉपर भरून राख इलेक्ट्रोडला टेकली असेल, नाहीतर तार तुटली असेल. हॉपर खाली करा. केव्ही परत आलं तर राख, नाही आलं तर तार किंवा इन्सुलेटर. दार उघडण्याआधी अर्थिंग लावाच, आणि हॉपरच्या दारासमोर कोणालाही उभं करू नका, गरम राख पाण्यासारखी वाहते.

सिमेंटवाला_चंद्रपूर: इतकी खटपट कशाला? बॅगला राखेच्या विजेशी काही देणंघेणं नाही.

ईएसपी_ताई: तेही खरं, पण ईएसपीत दाब 20-25 मिलिमीटर पडतो, पिशव्यांत 120-150. तेवढा धूर ओढायला आयडी फॅनमध्ये ताकद शिल्लक लागते. यांचा डॅम्पर किती उघडा आहे?

बॉयलरसाईड_यवतमाळ: फुल लोडला 85 टक्के.

ईएसपी_ताई: मग फॅन, मोटर आणि डक्टही आले. दीड कोटीत बसत नाही. चौथं फील्ड लावा.

राखेतला_माणूस: आम्हीही फॅन बदलला होता, सांगायचं राहिलं.

बॉयलरसाईड_यवतमाळ: अपडेट. पहिल्या फील्डचं हॉपर पार वरपर्यंत भरलेलं निघालं. हॉपरचा हीटर बंद, राख ओली होऊन कमानीसारखी अडकली होती. खाली केल्यावर 41 केव्ही आलं. इंटरमिटंट चार्जिंगही लावलं. मीटर 62 वर आलं, तरी 50 च्या वरच आहे.

व्होल्टेज_भाऊ: अमोनिया डोसिंग करा.

ईएसपी_ताई: रॅपिंग बघा, म्हणजे प्लेटवर हातोडे नीट पडतात का. तिसऱ्या फील्डला ठोकताना त्याच क्षणी मीटर उडी मारतं का?

बॉयलरसाईड_यवतमाळ: मारतं ताई, 62 चं 95 होतं. पण चौथ्या फील्डला मागे जागा नाही, डक्ट लगेच चिमणीकडे वळते. आम्ही पहिली दोन फील्ड ठेवतोय आणि तिसऱ्याच्या जागी पिशव्या बसवतोय. बहुतेक राख आधीच पकडली जाईल, त्यामुळे पिशव्यांवर थर कमी. तुम्ही सगळे नको म्हणाल हे माहीत आहे. फॅनसाठी पुढच्या वर्षीच्या बजेटमधून वेगळे पैसे मागितलेत, अजून मंजूर नाहीत. तोवर 12 मेगावॅटवरच चालवू.

सिमेंटवाला_चंद्रपूर: पिशव्या मेम्ब्रेनच्याच घ्या.

कपाशीवाला: तलाठी सुट्टीवर आहे म्हणतात, दुसरा कोणी?