मदत हवी आहे : बेलतेलाच्या फडक्यांची गोणी आपोआप तापली

सागवान : घराखालच्या गॅरेजमध्ये जुन्या सागवानी दरवाजांना बेलतेल लावण्याचे काम चालू आहे आणि पुसलेली फडकी मिस्त्री भुशाच्या गोणीत टाकून जातात. काल रात्री उग्र, करपट वास आला म्हणून गोणीत हात घातला, तर वरची फडकी थंड होती, पण आतला बोळा हातात धरवत नव्हता आणि त्याच्या घड्या तपकिरी पडल्या होत्या. मिस्त्रींच्या मते कोणीतरी विडी टाकली असावी. फडकी आपोआप पेटू शकतात का? या गोणीचे काय करावे?

रंगारी_७ : हा थिनरचा प्रताप आहे. गोणी सावलीत ठेवा, म्हणजे झाले.

रंधा : थिनर ठिणगीने भडकतो हे खरे, मात्र तो उडून जाताना फडके उलट गारच पडते. इथे कारण तेल आहे. बेलतेल म्हणजे जवसाचेच तेल, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. दरवाजावरच्या पातळ थरातली उष्णता निघून जाते; बोळ्यात मात्र हवा शिरण्यापुरती फट असते आणि भोवतीचा भुसा गोधडीसारखी ऊब धरून ठेवतो, त्यामुळे तापमान आणि क्रियेचा वेग एकमेकांना वाढवत नेतात व काही तासांत बोळा धुमसू लागतो. बेलतेलात ते लवकर वाळवणारे ड्रायर मिसळलेले असल्याने हे कच्च्या तेलापेक्षा लवकर घडते. 1991 मध्ये फिलाडेल्फियातील वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीची आग 22व्या मजल्यावर ठेवलेल्या अशाच फडक्यांपासून लागली. त्यात अग्निशमन दलाचे तीन जवान गेले आणि 30व्या मजल्यावरच्या स्प्रिंकलरनी ती अडवली.

गोणीतून धूर येत असेल तर ती उसकटू नका, कारण मोकळी हवा मिळताच ज्वाळा उठते. सर्वांना बाहेर काढून 101 ला फोन करा. धूर नसेल तर ती उघड्यावर नेऊन भरपूर पाण्यात बुडवा. यापुढे प्रत्येक फडके बाहेर सुटे पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

गॅरेजवाला : माझ्याकडे इंजिन ऑइलच्या चिंध्यांचा ढीग कायम असतो आणि तो कधी कोमटही झालेला नाही. मग ही भीती कशाला?

रंधा : इंजिन ऑइल खनिज तेल आहे, ते असे वाळत नाही. ठिणगीने तुमचा ढीगही पेटेल, परंतु स्वतःहून तापण्याचा प्रश्न जवसासारख्या वाळणाऱ्या तेलांचा आणि काही प्रमाणात ऑइल पेंटचाही आहे. कोरडा भुसाही असा लगेच तापत नाही. तेल प्यायलेला तापतो.

सागवान : धूर नव्हता, गोणी अंगणात पिंपात बुडवली आहे. मिस्त्री अजून विडीच म्हणत आहेत. पावसाळ्यात फडकी बाहेर वाळणार नाहीत आणि घंटागाडीवाले ओली फडकी घेत नाहीत. अशा वेळी तुम्ही काय करता?

रंगारी_७ : आम्ही चुलीत जाळतो.

रंधा : आमच्याकडे डबा भरलेलाच पडून आहे. कोणाच्या पालिकेने ती घेतली असल्यास कळवावे.